‘ले’, ‘लेड’ की ‘लेन’? हॉटेलच्या रिपोर्टमधली तीन वाक्यं तपासून हवीत

सावली_कळंगुट
नमस्कार मंडळी. मी कळंगुटला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. एका पाहुण्याचं घड्याळ पूलजवळ राहिलं आणि नंतर मिळालं, त्याचा इंग्रजी रिपोर्ट सहकाऱ्याने लिहून माझ्याकडे तपासायला दिलाय. वाक्यं अशी आहेत:

‘ही लेड हिज वॉच ऑन द साइड टेबल अँड लेड डाऊन ऑन द सनबेड. द वॉच हॅड लेड देअर फॉर थ्री अवर्स व्हेन द पूल अटेंडंट फाउंड इट.’

तीन वेळा ‘लेड’ आलाय आणि तिन्हींचं स्पेलिंग एल-ए-आय-डी. कॉम्प्युटरवर एकाहीखाली लाल रेघ येत नाही. पण तिसरं वाक्य मोठ्याने वाचलं की कुठेतरी खटकतं. रिपोर्ट पाहुण्याला आणि त्याच्या इन्शुरन्सवाल्यांना जाणार आहे, म्हणून प्रत्येक ‘लेड’ बरोबर आहे का ते हवंय. आणि का, तेही सांगा. पुढच्या रिपोर्टला मला कोणाला विचारावं लागू नये.

निळी_रापण
सोपं आहे. माणूस असेल तर ‘लाय’, वस्तू असेल तर ‘ले’. शाळेत आम्हाला असंच शिकवलं होतं. म्हणजे पाहुण्याला ‘लाय’ची रूपं आणि घड्याळाला ‘ले’ची. पहिलं आणि तिसरं वाक्य घड्याळाबद्दल आहे, तिथे ‘लेड’ ठीक. मधलं पाहुण्याबद्दल आहे, ते बदल. ‘लाय’चा भूतकाळ ‘लाइड’ असणार ना?

पाटो_नोटरी
‘लाइड’ अजिबात लिहू नका! तो खोटं बोलला असा अर्थ होतो. पाहुण्याने खोटी तक्रार केली असं तुमचं म्हणणं असेल तर त्याला आधी लेखी विचारा, थेट रिपोर्टमध्ये असा आरोप केला तर प्रकरण वाढेल. घड्याळ खरंच टेबलावर होतं की नाही याला सीसीटीव्ही आहे का?

सावली_कळंगुट
@पाटो_नोटरी नाही हो, खोटं वगैरे काही नाही. घड्याळ मिळालं, पाहुणा खूश आहे. प्रश्न फक्त वाक्यांचा आहे. पण ‘लाइड’चं सांगितलंत ते बरं झालं, मधल्या वाक्यात मी तेच घालणार होते.

फोंड्याचे_मास्तर
सावलीबाय, तुझा कान बरोबर आहे. तिसरं वाक्य चुकलंय, आणि मधलंही. पहिलं तेवढं ठीक.

आधी रापणबाबांच्या नियमाबद्दल, कारण तो अनेकांच्या डोक्यात पक्का बसलाय. माणूस की वस्तू यावर काहीच ठरत नाही. वस्तूही ‘लाय’ होते: पुस्तक टेबलावर पडलेलं असतं, पणजी मांडवीच्या काठी वसलेली असते, दोन्हीकडे इंग्रजीत ‘लाय’च. आणि माणसालाही ‘ले’ लागतं: आई बाळाला पाळण्यात ठेवते तेव्हा ती बाळाला ‘ले’ करते. नियम निम्मा खरा वाटतो तो यामुळे, की माणूस बहुतेक वेळा स्वतः आडवा होतो आणि वस्तूला कोणीतरी ठेवावं लागतं. पण वस्तू एकदा ठेवली की पुढे ती नुसती पडून असते. तिथे नियम संपतो, आणि तुझं तिसरं वाक्य नेमकं तिथलंच आहे.

खरा प्रश्न असा विचारायचा: वाक्यात कोणी कशाला तरी ठेवतंय का? ठेवत असेल तर ‘ले’, आणि त्याचा भूतकाळ ‘लेड’, ‘हॅड’ लागला तरी ‘लेड’. कोणी ठेवत नसेल, नुसतं आडवं होणं किंवा पडून असणं असेल तर ‘लाय’. गोंधळ इथे सुरू होतो. या ‘लाय’चा भूतकाळ आहे ‘ले’. दुसऱ्या क्रियापदाचा वर्तमानकाळ तोच या क्रियापदाचा भूतकाळ. आणि ‘हॅड’ लागलं की ‘लेन’, स्पेलिंग एल-ए-आय-एन.

म्हणून तुझी वाक्यं अशी होतील:

‘ही लेड हिज वॉच ऑन द साइड टेबल अँड ले डाऊन ऑन द सनबेड. द वॉच हॅड लेन देअर फॉर थ्री अवर्स व्हेन द पूल अटेंडंट फाउंड इट.’

आता मराठी माणसाला याची खूण कुठे सापडते ते सांगतो. इंग्रजीत ही दोन क्रियापदं मुळात एकाच धातूची. ‘ले’ म्हणजे ‘लाय’ करायला लावणं. स्वर बदलून दुसरं क्रियापद तयार झालं. आपल्याकडे हे रोजचंच आहे: पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, निजणे आणि निजवणे. आणि भूतकाळात आपली भाषा हा फरक ‘ने’ लावून उघड करते. ‘बाळ निजलं’, पण ‘आईने बाळाला निजवलं’.

तीच चाचणी तुझ्या वाक्यांना लाव. ‘त्याने घड्याळ टेबलावर ठेवलं.’ ‘ने’ आला, म्हणून ‘लेड’. ‘तो सनबेडवर आडवा झाला.’ ‘ने’ नाही, म्हणून ‘ले’. ‘घड्याळ तीन तास तिथेच पडून होतं.’ इथेही ‘ने’ नाही, आणि इंग्रजीत ‘हॅड’ आहे, म्हणून ‘लेन’. इंग्रजी वाक्याकडे बघत बसू नकोस. मनात मराठी वाक्य म्हण आणि ‘ने’ ऐकू येतो का बघ.

निळी_रापण
मास्तर, ‘पुस्तक लाय होतं’ हे कानाला पटत नाही, पण पाळण्याचं उदाहरण पटलं. मग माझ्या नियमातलं काहीच उपयोगाचं नाही?

फोंड्याचे_मास्तर
उपयोगाचं एवढंच, की माणसाचं वाक्य आलं की सावध व्हायचं. ‘ही लेड ऑन द बेड’ असं दिसलं की विचारायचं, त्याने काय ठेवलं? उत्तर नसेल तर चूक. तोच प्रश्न वस्तूलाही विचारायचा, मग वेगळ्या नियमाची गरज उरत नाही.

तर्जुमा
मी पणजीत भाषांतरं करते, दोन गोष्टी जोडते.

पहिली, चूक नेमकी ‘डाऊन’पाशी का होते. ‘ले डाऊन’ आणि ‘लेड डाऊन’ भरभर म्हणून बघा. ‘लेड’चा शेवटचा ड पुढच्या ‘डाऊन’च्या ड मध्ये मिसळतो आणि दोन्ही जवळपास सारखेच ऐकू येतात. ऐकून इंग्रजी शिकलेल्या माणसाला फरक कळण्याची सोयच नाही. म्हणून सावलीच्या सहकाऱ्याने ‘लेड डाऊन’ लिहिलं यात नवल नाही. फरक ऐकायचा असेल तर ‘डाऊन’ काढून बघा.

दुसरी, मास्तरांच्या ‘ने’च्या चाचणीची एक अडचण. मराठीत ‘मी’ आणि ‘तू’ला ‘ने’ लागत नाही. ‘मी चावी ठेवली’, ‘मी आडवी झाले’. पाहुण्याचं स्वतःचं निवेदन लिहून घ्यायचं असेल, ‘आय’पासून सुरू होणारं, तर चाचणी गप्प बसते. तेव्हा क्रियापद कोणाशी जुळतंय ते बघायचं. ‘मी चावी ठेवली’ हे पुरुषानेही तसंच म्हणायचं, कारण ‘ठेवली’ चावीशी जुळतं. ‘आडवी झाले’ मात्र बोलणाऱ्याशी जुळतं, पुरुष ‘आडवा झालो’ म्हणेल. क्रियापद वस्तूशी जुळलं तर ‘लेड’, बोलणाऱ्याशी जुळलं तर ‘ले’.

कोंकणी येणाऱ्यांना तर याहून सोपं आहे. कोंकणीत ‘मी’लाही खूण लागते. ‘हांवें चावी मेजार दवरली’, पण ‘हांव आडवो पडलों’. ‘हांवें’ आलं की ‘लेड’, ‘हांव’ राहिलं की ‘ले’. गोव्यात आपल्यापैकी बहुतेकांच्या कानात दोन्ही भाषा आहेत, त्याचा फायदा घ्यावा.

सावली_कळंगुट
‘हांवें’ आणि ‘हांव’! घरी आम्ही कोंकणीच बोलतो, हे लगेच बसलं. धन्यवाद.

एक शंका. माझ्या मनात तिसऱ्या वाक्याचं मराठी ‘घड्याळ टेबलावर ठेवलेलं होतं’ असं येतं, ‘पडून होतं’ असं येत नाही. यात ‘ने’ नाही. तरी ठेवलेलं म्हणजे कोणीतरी ठेवलं ना? मग ‘द वॉच वॉज लेड ऑन द टेबल’ बरोबर की चूक?

फोंड्याचे_मास्तर
फार चांगली शंका. इथे ‘ने’ची चाचणी खरोखर फसते, म्हणून तिच्या भरवशावर राहू नये. ‘ठेवलेलं’ हे ‘ठेवणे’चंच रूप आहे. ठेवणारा वाक्यातून गेला म्हणून ‘ने’ दिसत नाही, पण तो पडद्यामागे आहे. म्हणून ‘वॉज लेड’ हे व्याकरणाला धरून आहे.

पण तुझा हा रिपोर्ट इन्शुरन्सकडे जाणार आहे. ‘द वॉच वॉज लेड ऑन द टेबल’ वाचल्यावर वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न येईल, कोणी ठेवलं? पाहुण्याने, अटेंडंटने, की दुसऱ्या कोणी उचलून पुन्हा ठेवलं? ‘द वॉच ले ऑन द टेबल’ म्हटलं तर एवढंच कळतं, की ते तिथे होतं. अटेंडंटने जे पाहिलं तेवढंच तू लिहितेस, न पाहिलेलं सुचवत नाहीस. अटेंडंटने कोणाला ठेवताना पाहिलेलं नाही, म्हणून तिथे ‘ले’ किंवा ‘वॉज लाइंग’. हा फरक निव्वळ व्याकरणाचा नाही, जबाबदारी कोणावर जाते त्याचाही आहे.

तर्जुमा
हॉटेलांच्या रिपोर्टांत याच जागी ‘द वॉच वॉज केप्ट ऑन द टेबल’ सर्रास दिसतं. आपण ‘ठेवणे’साठी ‘कीप’ वापरतो. भारतात सगळ्यांना कळतं, पण बाहेरचा वाचक त्याचा अर्थ ‘जपून तिथेच ठेवत असत’ असा घेऊ शकतो. ‘ले’ आणि ‘लेड’मध्ये अडकायचंच नसेल तर ‘ही पुट हिज वॉच’ किंवा ‘ही लेफ्ट हिज वॉच’ लिहा. ‘लेफ्ट’मध्ये तो विसरून गेला हेही येतं, आणि इथे तेच झालंय.

चिरेबंदी
मी कंत्राटदार, म्हापसा. माझंही एक सांगतो. आमच्या वाड्यावर पाइप आणून टाकलेत, चवथीपासून रस्त्याच्या कडेला पडून आहेत, काम काही सुरू होत नाही. तक्रारीत मी लिहिलं, ‘द पाइप्स हॅव बीन लेइंग ऑन द रोड.’ माझा पुतण्या म्हणतो चूक. पण सगळ्या टेंडरांत ‘पाइप लेइंग’ असंच असतं, ते इतकी वर्षं वाचतोय. मग चूक कशी?

फोंड्याचे_मास्तर
टेंडरातलं बरोबर आहे आणि तुमच्या तक्रारीतलं चूक आहे, दोन्ही एकदम. टेंडरात पाइप घालण्याचं काम आहे, घालणारा तुम्ही. म्हणून ‘पाइप लेइंग’. तुमच्या तक्रारीत पाइप कोणी घालतच नाहीये, तीच तर तक्रार आहे. ते पडून आहेत, म्हणून ‘लाइंग’, एल-वाय-आय-एन-जी. ‘लेइंग’ लिहिलंत तर अधिकारी म्हणेल, काम तर चालूच आहे की!

चिरेबंदी
हे पटलं. दुरुस्त करून पुन्हा पाठवतो. पण ‘लाइंग’ वाचून त्यांना पाइप खोटं बोलतायत असं तर वाटणार नाही?

तर्जुमा
नाही. चालू काळात दोन्ही ‘लाय’चं स्पेलिंग एकच, पण पुढे ‘ऑन द रोड’ आलं की शंका उरत नाही. वेगळं होतं ते भूतकाळात: खोटं बोलण्याचं ‘लाइड’, पडून असण्याचं ‘ले’. म्हणून वर पाटो_नोटरींचा इशारा योग्यच होता, प्रश्न वेगळा समजून घेतला तरी.

आगोंद_किनारा
आमच्याकडे उलटी चूक झाली आहे, ती सांगते. ऑलिव्ह रिडले कासवं मोरजी, आगोंद, गालजीबागला अंडी घालायला येतात. हंगामात घरट्याभोवती कुंपण करून एक पाटी लावली, तिच्यावर ‘अ टर्टल हॅज लेन एग्ज हिअर’ लिहिलंय. ज्याने लिहिलं त्याला विचारलं तर म्हणाला ‘हॅज’ आलं की ‘लेन’. मला ते चूक वाटतंय, पण खात्रीने सांगता येईना.

फोंड्याचे_मास्तर
तुमची शंका खरी आहे. ‘कासवीने अंडी घातली’, ‘ने’ ऐकू येतोय. म्हणून ‘हॅज लेड एग्ज’. ‘लेन’ हा शब्द एकदा कळला की माणूस तो प्रत्येक ‘हॅज’ आणि ‘हॅड’पुढे बसवू लागतो, बरोबर दिसतो म्हणून. ‘हॅज’वरून ठरतं ते कोणतं रूप घ्यायचं, कोणतं क्रियापद घ्यायचं ते नाही. आधी ‘ले’ की ‘लाय’ ते ठरवा, मग रूप.

तुमच्या त्याच घरट्यात दोन्ही बसतात बघा. कासवी एका रात्रीत शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परत जाते: ‘शी लेड द एग्ज.’ त्यानंतर ती अंडी साधारण 45 ते 60 दिवस वाळूत पडून असतात: ‘द एग्ज ले इन द सँड.’ आणि पिल्लं बाहेर येतात तोवर ‘दे हॅड लेन देअर फॉर वीक्स’. घालणारी गेली की अंडी नुसती असतात, आणि तिथून क्रियापद बदलतं. सावलीच्या घड्याळाचं हेच आहे.

मालीम_जेटी
समुद्राचं निघालंच आहे तर, ‘रिव्हर प्रिन्सेस’ आठवते का कोणाला? 2000 सालच्या जूनमध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतलेली बोट, दहा वर्षांहून जास्त तिथेच होती. तिच्याबद्दल इंग्रजीत ‘ले ऑफ कांदोळी’ असं लिहायचं, मला तेव्हा वाटायचं ‘लेज’चा एस राहिला. आता कळलं, तो भूतकाळ आहे.

फोंड्याचे_मास्तर
बरोबर पकडलंत. वर्तमानकाळात एकवचनाला एस लागतो, म्हणून ‘शी ले’ असं दिसलं की समजायचं, हा ‘लाय’चा भूतकाळ आहे. वाचताना ही खूण फार कामाला येते. ‘आय ले’ आणि ‘दे ले’ला मात्र ती लागू पडत नाही, तिथे पुढचं वाक्य बघावं लागतं.

सावली_कळंगुट
रिपोर्टमध्ये पहिली दोन वाक्यं मास्तरांनी दिली तशी घेतली. तिसऱ्यात ‘हॅड लेन’ लिहिलं तर आमचे मॅनेजर म्हणतात टायपिंगची चूक वाटते, ‘लेन’ कोणी वापरत नाही.

तर्जुमा
मॅनेजरांशी मी सहमत आहे. ‘लेन’ बरोबर असला तरी रोजच्या इंग्रजीत दुर्मिळ झालाय, वाचणारा अडखळतो. ‘द वॉच हॅड बीन लाइंग देअर फॉर थ्री अवर्स’ लिही. अर्थ तोच, चूक नाही, आणि कोणी थांबत नाही. मी माझ्या कामात ‘लेन’ शक्यतो टाळते.

फोंड्याचे_मास्तर
मी टाळणार नाही. बरोबर शब्द लोकांना अनोळखी आहे म्हणून सोडला तर तो आणखी अनोळखी होतो. ‘हॅड बीन लाइंग’ चूक नाही हे मान्य, पण रिपोर्ट तिने माझ्याकडे तपासायला दिला असता तर मी ‘हॅड लेन’ राहू दिलं असतं.

तर्जुमा
मास्तर, शाळेत हे चालेल. हॉटेलात वाचणारा पाहुणा आहे, त्याला शिकवायला आपण बसलेलो नाही.

निळी_रापण
मग एक विचारतो. आमच्या शॅकवर येणारे अमेरिकन लोक सरळ ‘आय वॉज लेइंग ऑन द बीच’ म्हणतात. ती त्यांची भाषा. ते चुकतात म्हणायचं का?

तर्जुमा
बोलण्यात ‘लाय’च्या जागी ‘ले’ शेकडो वर्षांपासून चालत आलंय, हे काही आजचं नाही. बोलताना मी कोणाला चुकलात म्हणणार नाही. लेखी, औपचारिक इंग्रजीत मात्र आजही ते चूक धरलं जातं, परीक्षेतही आणि संपादकाकडेही. म्हणून रिपोर्टमध्ये ते येऊ नये.

फोंड्याचे_मास्तर
मी बोलण्यातही चूकच म्हणेन. पण यावर आमचं जुळणार नाही, हे मला माहीत आहे.

सावली_कळंगुट
यावरूनच शेवटचं विचारते. पाहुण्याच्या स्वतःच्या ईमेलमध्ये ‘आय वॉज लेइंग बाय द पूल’ असंच आहे, आणि ते वाक्य रिपोर्टमध्ये अवतरणात घ्यायचंय. सुधारून घेऊ का?

पाटो_नोटरी
हात लावू नका. अवतरणचिन्हांत घेतलेलं निवेदन त्याचं आहे, शब्द बदलला तर उद्या तो म्हणू शकतो मी असं लिहिलं नव्हतं. आहे तसं उतरवा, आणि ईमेलची प्रत रिपोर्टला जोडा.

फोंड्याचे_मास्तर
यात मी पाटो_नोटरींच्या बाजूने. त्याचं वाक्य त्याचं. अवतरण संपलं की त्याच्या पुढचं वाक्य तुझं, तिथे ‘वॉज लाइंग’.